बढती मिळाली, पण घरी येणारा पगार घटला: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातलं एक प्रकरण

अभ्यासासाठी मांडलेल्या या प्रकरणातला कारखाना सोलापुरातला आहे, टेरी टॉवेल काढणारा आणि बराचसा माल परदेशी पाठवणारा. फिनिशिंग विभागात सहा वर्षं चेकर म्हणून काम केलेल्या एका बाईंना १ ऑक्टोबरपासून लाइन सुपरवायझर केलं गेलं. पत्र मिळालं, टेबलावर पेढे वाटले गेले, पगार मात्र होता तितकाच राहिला. पाच महिन्यांनी त्यांनी तो सुधारून घेतला. मधल्या काळात त्यांचं काय चुकलं आणि शेवटी कशामुळे जमलं, ते इथे सविस्तर पाहू.

पत्रात तीनच ओळी होत्या. पहिलीत नवं पद, दुसरीत तारीख आणि तिसरीत ‘वेतन व इतर सेवाशर्ती पूर्ववत राहतील’. बाईंनी ‘मिळाले’ असं लिहून सही केली आणि पत्र घरी नेलं. सगळा पेच या तिसऱ्या ओळीत आहे. खाजगी कारखान्यात बढतीबरोबर पगार वाढलाच पाहिजे असा नियम नाही. कामाची श्रेणी बदलली, म्हणजे अर्धकुशलचं कुशल झालं, तर नव्या श्रेणीच्या किमान वेतनाखाली पगार जाता कामा नये, एवढंच बंधन असतं. इथे पगार किमान वेतनाच्या वर होता, त्यामुळे कायद्याचा आधार जवळपास नव्हता आणि जे काही व्हायचं ते बोलण्यातूनच होणार होतं. पत्र हातात येतं त्याच दिवशी ‘वेतनाचा आढावा अमुक तारखेला घेतला जाईल’ एवढी ओळ घालून मागणं सोपं असतं. त्या दिवशी व्यवस्थापकही खुशीत असतो आणि त्याला लगेच एक रुपयाही द्यायचा नसतो. पाच महिन्यांनी तीच ओळ मिळवायला पूर्ण अर्ज लिहावा लागतो.

आता आकडे. चेकर असताना बाईंचा पूर्ण पगार महिना १८,७२० रुपये होता, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने दिवसाला ७२० आणि तासाला ९०. कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, तेव्हा ओव्हरटाइमचा तास १८० रुपयांचा. शिपमेंट जवळ आली की चेकिंग टेबल उशिरापर्यंत चालायचं आणि महिन्याला सरासरी २० तास भरायचे. ते ३,६०० रुपये. दोन्ही मिळून २२,३२०. यातून पीएफचे १,५६० (मूळ वेतन व महागाई भत्ता १३,०००, त्याचे १२ टक्के) आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, १६८ जायचे. हातात यायचे २०,५९२. व्यवसाय कराचा प्रश्न नव्हता, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत तो लागत नाही.

सुपरवायझर झाल्यावर मस्टरमधून ओव्हरटाइमचा रकाना गेला. देखरेखीच्या पदांना कारखाने ओव्हरटाइम देत नाहीत, ही बऱ्याच ठिकाणी चालणारी रीत. त्यामुळे १८,७२० मधून पीएफ आणि ईएसआय वजा जाऊन हातात १७,०१९ आले. पगार ‘पूर्ववत’ राहिला असं पत्र म्हणत होतं आणि घरी येणारी रक्कम ३,५७३ रुपयांनी घटली होती. तिसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी. पंचिंगच्या नोंदी पाहिल्यावर कळलं, की सुपरवायझर म्हणून त्या रोज सरासरी पाऊण तास उशिरा निघत होत्या. २६ दिवसांचे साडेएकोणीस तास. म्हणजे थांबणं पूर्वीइतकंच होतं, फक्त त्याचे पैसे बंद झाले होते.

बढती मिळालेल्या बऱ्याच जणांना ही घट महिनोन्महिने दिसत नाही. दिवाळीच्या महिन्यात बोनस येतो, पुढच्या महिन्यात सुट्ट्या असतात आणि प्रत्येक महिन्याची रक्कम कशाने तरी वेगळी असतेच. म्हणून एकेका महिन्याची तुलना न करता बढतीआधीच्या सहा पगारपत्रकांची सरासरी एका ओळीत आणि नंतरच्या महिन्यांची दुसऱ्या ओळीत लिहावी. बोनस आणि उचल त्यातून बाजूला काढावी. बाईंनी हे केलं, पण फेब्रुवारीत. डिसेंबरमध्ये त्यांनी जे केलं ते नेमकं उलटं होतं.

डिसेंबरमध्ये पॅकिंगच्या दाराशी व्यवस्थापक भेटले तेव्हा बाईंनी विषय काढला. शेजारी स्टिचिंगचे मास्तर उभे होते.

‘सर, काम खूप वाढलंय, पगाराचं जरा बघा ना.’

‘बघू मॅडम, एप्रिलमध्ये सगळ्यांचंच बघणार आहोत.’

विषय तिथेच मिटला. एक तर मास्तरांसमोर होकार दिला असता तर दुसऱ्या दिवशी मास्तरही दारात उभे राहिले असते, म्हणून व्यवस्थापकांना ‘सगळ्यांचं’ म्हणणं भाग होतं. दुसरं, ‘काम वाढलंय’ हे वाक्य कारखान्यात प्रत्येक जण म्हणतो आणि ते खरंही असतं, त्यामुळे त्याला वजन उरत नाही. तिसरं आणि सगळ्यात महागात पडलेलं म्हणजे, बढतीचा पगार आणि एप्रिलची वार्षिक वाढ एकाच पोत्यात गेली. एप्रिलची वाढ त्या कारखान्यात सात-आठ टक्क्यांच्या आसपास असायची, म्हणजे तेराशे ते पंधराशे रुपये. ती चेकर राहिल्या असत्या तरी मिळालीच असती. तिलाच बढतीची वाढ समजून घेतलं की बढतीचे हातात शून्य येतात आणि पुढे पुन्हा मागायला तोंड राहत नाही.

फेब्रुवारीत बाईंनी नव्याने सुरुवात केली. पहिल्यांदा त्यांनी पाहिलं, की निर्णय खरा कुणाचा आहे. सोलापुरातल्या घरगुती मालकीच्या कारखान्यांत फॅक्टरी मॅनेजर माणूस बढतीला सुचवतो, पण पगाराच्या आकड्यावर शेवटची सही मालकांची असते. अशा वेळी थेट मालकांकडे जाण्याचा मोह होतो. ते टाळावं, कारण मालक तो कागद मॅनेजरकडेच परत पाठवतात आणि मॅनेजरला आपल्या डोक्यावरून गेल्याचं लागतं. मॅनेजरला पटवणं हे अर्धंच काम आहे. त्याला मालकांपुढे ठेवता येईल असा एक पानी कागद हातात देणं हे उरलेलं अर्धं. आमच्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोग या एका पानाचाच झाला.

पान लिहिताना पहिला प्रश्न आला तो रक्कम किती मागायची याचा. बाईंच्या मनात २१,५०० होते. मागणी फार मोठी वाटू नये आणि मिळून जावी, म्हणून. सर्व शक्य आकड्यांमधला हा सर्वांत वाईट आकडा होता. ईएसआयची पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे. या कारखान्याच्या पगारपत्रकात ईएसआयसाठी पूर्ण पगार धरला जायचा. ओव्हरटाइमवर वर्गणी कापली जाते, पण मर्यादा ओलांडली की नाही हे ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणूनच २२,३२० मिळत असतानाही त्या ईएसआयमध्ये होत्या. आता पगारच २१,५०० झाला असता तर दोघा पतिपत्नींचं आणि मुलांचं औषधपाणी ज्या वर्गणीतून भागत होतं ते छत्र गेलं असतं. बाईंच्या धाकट्या मुलाचं दम्याचं औषध नियमित चालू होतं. २०,९०० आणि २१,५०० यांत फरक ६०० रुपयांचा आणि त्या ६०० साठी पूर्ण कुटुंबाचा दवाखाना सोडायचा, हा तोट्याचा सौदा होता. या रेषेजवळ पगार असलेल्याने एक तर तिच्या खाली राहावं, नाही तर तिच्याहून इतकं वर जावं की खाजगी आरोग्य विम्याचा हप्ता भरूनही वाढ उरेल. स्वतःच्या पगारपत्रकात ईएसआयसाठी कोणती रक्कम धरली आहे ते आधी पाहून घ्यावं, कारण त्यावर पुढचं सगळं गणित फिरतं.

याला जोडून तारखेचा मुद्दा येतो आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. ईएसआयच्या वर्गणीचे दोन कालखंड असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. कालखंड सुरू होताना माणूस मर्यादेच्या आत असेल आणि मध्येच पगार २१,००० च्या वर गेला, तर तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते. शिवाय एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या वर्षीच्या जानेवारी ते जून या काळात मिळतो. म्हणजे मर्यादा १ एप्रिलला ओलांडली तर नव्या कालखंडात नावच येत नाही, आणि १ मेला ओलांडली तर सप्टेंबरअखेर वर्गणी जाते व लाभाचा काळ पुढच्या जूनपर्यंत पोचतो. एका महिन्याच्या फरकाने सहा महिन्यांचं औषधपाणी हातात राहतं.

बाईंनी अखेर २३,४०० ची मागणी ठरवली. हा आकडा त्यांनी दोन बाजूंनी काढला. दिवसाला ९०० रुपये हा सरळ हिशेब, आणि अक्कलकोट रोड व चिंचोळी औद्योगिक वसाहतीत फिनिशिंग सुपरवायझरला काय देतात याची चौकशी. नोकरी बदललेल्या ओळखीच्यांकडून आणि भरतीच्या जाहिरातींमधून २२ ते २५ हजारांचे आकडे मिळाले. पुण्यातल्या एका नातेवाइकाने तिकडचा मोठा आकडा सांगितला होता, तो त्यांनी कागदावर घेतला नाही आणि ते बरं केलं. सोलापूरचा मॅनेजर ‘मग पुण्याचं घरभाडंही बघा’ एवढंच म्हणाला असता आणि उरलेले आकडेही त्याबरोबर संशयात गेले असते. आपल्याच कारखान्यातल्या दुसऱ्या सुपरवायझरचा पगारही त्यांनी लिहिला नाही. तो कळला कसा, या प्रश्नावर संभाषण भरकटतं आणि ज्याने सांगितला तो अडचणीत येतो.

कागदाचा मजकूर असा होता:

‘मा. फॅक्टरी मॅनेजर साहेब, दि. १ ऑक्टोबरपासून मी फिनिशिंग लाइन सुपरवायझर म्हणून काम पाहत आहे. १४ चेकर व दोन टेबलांचे वाटप, रोजचा रिजेक्शन अहवाल, खरेदीदाराच्या तपासणीसाची कागदपत्रे आणि माल पाठवण्यापूर्वी लॉटवर सही ही कामे आता माझ्याकडे आहेत. बढतीपूर्वीच्या सहा महिन्यांत ओव्हरटाइमसह माझ्या हातात सरासरी २०,५९२ रुपये येत होते, बढतीनंतर १७,०१९ येत आहेत. पगारपत्रके सोबत जोडली आहेत. नव्या जबाबदारीनुसार माझा पूर्ण पगार २३,४०० करावा व तो वार्षिक वाढीपासून वेगळा धरावा, ही विनंती. यावर बोलण्यासाठी वीस मिनिटे द्यावीत.’

यात मेहनतीचं वर्णन नाही, महागाई नाही, मुलांची फी नाही. ते सगळं खरं असलं तरी मॅनेजर मालकांना सांगू शकेल असं त्यात काही नसतं. ‘लॉटवर सही’ हे दोन शब्द मात्र मोलाचे. चेकर एकेक टॉवेल बघते आणि डाग, तुटलेला लूप, शेडचा फरक दिसला की बाजूला काढते. चुकली तर एक नग चुकतो. सुपरवायझरच्या सहीवर पूर्ण लॉट निघतो आणि तपासणीत नापास झाला तर सगळी खोकी परत फोडावी लागतात. पगाराचा फरक असतो तो या जोखमीचा. आपल्या नव्या पदात अशी सही कुठली आहे ते शोधावं आणि तीच पुढे ठेवावी.

पहिल्या कच्च्या मसुद्यात बाईंनी आणखी दोन मुद्दे घातले होते. त्यातला एक होता बी ग्रेडचं प्रमाण त्या आल्यापासून कमी झाल्याचा. पण त्याच काळात स्टिचिंगला दोन नवी मशीन्स आली होती आणि श्रेय नेमकं कुणाचं, हा वाद पहिल्या मिनिटाला उभा राहिला असता. तो मुद्दा त्यांनी काढला. दुसरा होता ‘कारखान्याचे ओव्हरटाइमचे ३,६०० वाचले’ हा. तो शेवटच्या कागदातून गळला, पण बैठकीत त्यांनी तोंडी मांडला.

वेळेची निवड मात्र अचूक होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार काढण्याची गडबड असते आणि शेवटच्या आठवड्यात शिपमेंटची. बाईंनी कागद १० तारखेला दिला आणि बैठक १२ तारखेला दुपारी, शिफ्ट बदलण्याच्या आधी, केबिनमध्ये झाली.

व्यवस्थापक पहिल्यांदा पगारपत्रकांवरच थांबले. पगार वाढला नाही हे त्यांना माहीत होतं, तो कमी झाला हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग म्हणाले, ‘मॅडम, एप्रिल तोंडावर आहे.’ बाईंनी कागदाकडे बोट करून सांगितलं, की एप्रिलची वाढ मी चेकर असते तरी मिळाली असती, मी बोलतेय ते ऑक्टोबरपासूनच्या पदाचं. हे उत्तर तयार असायला हवं, कारण हा आक्षेप दर वेळी येतो. पुढे त्यांनी वाचलेल्या ओव्हरटाइमचा मुद्दा काढला आणि तिथे त्यांची बाजू लंगडी पडली. व्यवस्थापकांनी मस्टर दाखवलं. ते २० तास आता इतर चेकरमध्ये वाटले गेले होते, कारखान्याचं काहीच वाचलं नव्हतं. बाईंनी वाद न घालता तो मुद्दा सोडला. आपलं काय गेलं हे आपल्या पगारपत्रकावरून सिद्ध करता येतं, कारखान्याचं काय वाचलं हे समोरच्याच्या वहीत असतं. त्या वहीवर आपला दावा उभा करू नये.

शेवटचा आक्षेप खरा होता: चालू वर्षाच्या पगाराच्या अंदाजात ही वाढ धरलेली नाही, त्यामुळे मालक मार्चमध्ये एकदम साडेचार हजारांना हो म्हणणार नाहीत. इथे बाईंनी ईएसआयच्या तारखांचा अभ्यास वापरला. त्या म्हणाल्या, एकदम नको, दोन टप्प्यांत द्या. मार्चपासून २१,००० च्या आत आणि उरलेलं मेपासून. व्यवस्थापकांना चालू वर्षाचा भार हलका झालेला दिसला आणि बाईंना १ एप्रिलला ईएसआयमध्ये राहायचं होतं. एकाच तोडग्यात दोघांचं काम झालं.

आठ दिवसांनी मालकांचा आकडा आला. १ मार्चपासून २०,८०० आणि १ मेपासून २२,५००. मागणीपेक्षा ९०० कमी. बाईंनी आकडा मान्य केला, पण त्याची विभागणी विचारली. वाढ ‘विशेष भत्ता’ म्हणून टाकण्याचा ऑफिसचा बेत होता. मूळ वेतन वाढलं तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे त्याबरोबर वाढतात, नुसत्या भत्त्याने सहसा वाढत नाहीत. बोलणी होऊन मूळ वेतन व महागाई भत्ता मार्चपासून १४,५०० आणि मेपासून १६,००० झाला. पीएफ कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० कापला जाणार होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारीची थकबाकी त्यांनी मागून पाहिली, ती नाकारली गेली. पत्रावरच्या ‘पूर्ववत’ शब्दाला सही असल्याने त्यावर अडून बसण्यात अर्थ नव्हता.

मेपासूनचा हिशेब असा: २२,५०० मधून १,८०० पीएफ आणि १६९ ईएसआय वजा जाऊन हातात २०,५३१. बढतीपूर्वी येत होते २०,५९२. म्हणजे पाच महिन्यांची धडपड करून त्या जवळपास जिथे होत्या तिथे परत आल्या. निराश करणारी वाटली तरी तुलना हीच खरी आहे. फरक इतकाच, की आधीच्या रकमेतले ३,६०० शिपमेंटवर अवलंबून होते आणि आता सगळी रक्कम ठरलेली आहे, त्यातली मूळ वेतनाची बाजू ३,००० ने जड झाली आहे. २० टक्के वाढ मिळाली म्हणून हरखून जाण्याआधी हा हिशेब करावा. बाईंनी तो बैठकीआधी केला होता, म्हणूनच पहिल्या टप्प्यावर समाधान मानलं नाही.

उरले ते रोजचे पाऊण तास. त्याचे पैसे मिळणार नव्हते, तेव्हा बाईंनी बदली सुटी मागितली. पंचिंगप्रमाणे उशिराचे आठ तास जमले की एक दिवस, आणि तो पुढच्या महिन्याच्या आत घ्यायचा. व्यवस्थापकांनी हे तोंडी लगेच मान्य केलं, लिहून द्यायला चार वेळा आठवण करावी लागली.

नव्या पत्रात शेवटी चार गोष्टी आल्या: दोन्ही टप्प्यांचे आकडे तारखांसह, मूळ वेतनाची विभागणी, बदली सुटी, आणि पुढच्या एप्रिलची वार्षिक वाढ २२,५०० वर मोजली जाईल हे वाक्य. स्टाफच्या गट आरोग्य विम्यात नाव घालण्याचं मान्य झालं, पण ते पत्रात नव्हतं. ईएसआयचा लाभ पुढच्या जूनअखेर संपेल, त्याआधी एप्रिलमध्येच विम्याचा फॉर्म भरून घ्यायचा, अशी नोंद बाईंनी पत्राच्या झेरॉक्सवर पेन्सिलने करून ठेवली आहे.